व्हिडिओ छोटे का केले? योगवर्गाच्या साधकांना लिहायचं पत्र, आकड्यांसकट

ऑनलाइन योगवर्ग चालवणाऱ्या बऱ्याच ताई-दादांची एक अडचण सारखीच असते. सकाळचा तासाभराचा वर्ग झाला की त्याचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं यूट्यूबवर अनलिस्टेड टाकायचं आणि लिंक ग्रुपवर द्यायची. काही महिन्यांनी आकडे बघितले की लक्षात येतं, बासष्ट मिनिटांचं रेकॉर्डिंग लोक सरासरी एकवीस मिनिटंच बघतायत. मग व्हिडिओ छोटे करायचं ठरतं. पण साधकांना ते सांगायचं कसं? त्यांनी फी भरली आहे. न सांगता कापलं तर पहिला प्रश्न येणार, "ताई, वेळ कमी केला, मग फी पण कमी करणार का?"

म्हणून आज एक पत्रच लिहून दाखवतो. पण त्याआधी आकडे नीट वाचायला हवेत, कारण योगाच्या व्हिडिओत ते फसवतात. खालचे सगळे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण हिशेब बरोबर जुळवलेला आहे. तुमचे आकडे घालून तोच हिशेब करा.

सरासरी बघून कात्री लावू नका

यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये गेलात की Average view duration दिसतं. आपल्या उदाहरणात ते साधारण 21 मिनिटं आहे, म्हणजे 62 मिनिटांच्या सुमारे 34 टक्के. इथे सरळ वाटणारा निष्कर्ष असा, की लोक एकविसाव्या मिनिटाला कंटाळतात, तर वीस मिनिटांचा व्हिडिओ करू.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. दोघांनी दोन मिनिटांत व्हिडिओ बंद केला आणि एकाने साठ मिनिटं पाहिला, तरी सरासरी एकवीसच्या आसपासच येते. पण एकविसाव्या मिनिटाला तिघांपैकी कुणीच उठलं नाही! म्हणून सरासरी सोडा आणि Key moments for audience retention हा आलेख उघडा. व्हिडिओ शंभर वेळा सुरू झाला असं धरलं, तर त्यातला प्रत्येक क्षण किती वेळा पाहिला गेला हे तो दाखवतो. एखादा भाग लोकांनी मागे नेऊन पुन्हा पाहिला की रेघ वर चढते. लोक एखादा भाग ओलांडून गेले की तिथे खड्डा दिसतो.

आपल्या उदाहरणातल्या वर्गाचा क्रम असा आहे. सुरुवातीला 6:40 पर्यंत हजेरी, "माझा आवाज येतोय का", सूचना. मग 14:00 पर्यंत पूरक हालचाली, 24:00 पर्यंत सूर्यनमस्कार, 38:00 पर्यंत उभी आसनं, 48:00 पर्यंत बैठी आणि पाठीवरची आसनं, 55:00 पर्यंत शवासन आणि शेवटी शंका-समाधान.

आता रेघ बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती 100 वरून 70 च्या खाली येते आणि हजेरीच्या वेळात 30 पर्यंत घसरते. 6:40 ला पुन्हा 52 वर चढते. 14:00 ला आणखी एक पायरी दिसते, 46 वरून 56. मग हळूहळू उतरते. 26:00 ला त्रिकोणासनापाशी एकदम 61 चं शिखर येतं आणि 28:00 ला रेघ 40 वर परत येते. 48:00 ला शवासन सुरू होतं तेव्हा ती 31 वर असते आणि दोन मिनिटांत 10 वर कोसळते.

एकविसाव्या मिनिटाला काय झालं? काहीच नाही! लोक तेव्हा सूर्यनमस्कार घालत होते. वीस मिनिटांवर कात्री लावली असती तर सव्विसाव्या मिनिटाचं त्रिकोणासन गेलं असतं, म्हणजे हजेरीनंतरचा लोकांनी सगळ्यात जास्त पाहिलेला भाग.

चार वळणं, चार वेगळे अर्थ

पहिला खड्डा हजेरीचा. लोक वर्ग सोडून जात नाहीत, हजेरी ओलांडून जातात. रेघ पुन्हा 52 वर चढते हाच त्याचा पुरावा. जे निघूनच गेले ते परत येत नाहीत. हा भाग बिनधास्त कापा.

दुसरी पायरी, 14:00 ची, काळजीची आहे. इथे काही जण पूरक हालचाली ओलांडून थेट सूर्यनमस्कारावर येतायत. सकाळी अंग आखडलेलं असतं. खांदे, कंबर, गुडघे मोकळे न करता पहिल्याच आवर्तनात खाली वाकलं की मांडीमागचा स्नायू ओढला जातो, कंबर धरते. म्हणजे लोकांना पूरक हालचाली नको आहेत म्हणून त्या कापायच्या, असं करून चालणार नाही. इथे आकड्यांचं ऐकायचं नाही, आकड्यांवरून सावध व्हायचं.

तिसरं, त्रिकोणासनाचं शिखर. शिखर दिसलं की आपण खूश होतो, "हा भाग आवडला." योगाच्या व्हिडिओत बहुतेक वेळा अर्थ वेगळा असतो: हा भाग कळला नाही. पाय किती लांब, कुठलं पाऊल बाहेर वळवायचं, हात कुठे टेकायचा हे एका दमात सांगितलं गेलं, म्हणून लोक मागे नेऊन पाहतायत. म्हणजे हा भाग कापायचा तर नाहीच, उलट तो सावकाश सांगून वेगळा करायचा.

चौथं, शवासन. रेघ 31 वरून 10 वर आली म्हणून "शवासन कुणाला नको असतं" असं समजू नका. काही जण खरंच उठून चहाला जातात. पण काही जण फोनचा उजेड नको म्हणून तो बंद करून शांत पडून राहतात. आलेखाला दोघं सारखेच दिसतात. डोळे मिटलेल्या माणसाचं मोजमाप या आलेखात नाही. हे फक्त विचारून कळतं. म्हणून पत्रात तो प्रश्न ठेवलाच पाहिजे.

आणि एक मर्यादा. तीस-पस्तीस साधकांच्या वर्गात एका रेकॉर्डिंगला पंधरा-वीस व्ह्यूज येतात, त्यात दोन-तीन तुमचेच असतात. दोन माणसांनी आलेख हलतो. घरात सासू-सून एकाच फोनसमोर करत असतील तर तो एकच व्ह्यू. म्हणून चार-पाच रेकॉर्डिंगचे आलेख शेजारी ठेवा. तेच वळण प्रत्येकात दिसलं तरच त्यावर निर्णय घ्या.

आता पत्र

> नमस्कार साधकहो,
>
> पुढच्या सोमवारपासून आपल्या वर्गाची रेकॉर्डिंग्ज बदलणार आहेत. बासष्ट मिनिटांच्या एका व्हिडिओऐवजी बावीस ते सव्वीस मिनिटांचे तीन व्हिडिओ मिळतील. सकाळी साडेसहाचा थेट वर्ग पूर्वीसारखाच पूर्ण तासाचा राहील. त्यातलं काहीही कमी होत नाही आणि फीमध्येही बदल नाही.
>
> हे का करते आहे ते सांगते. यूट्यूबवर मला प्रत्येक रेकॉर्डिंगचा कुठला भाग किती पाहिला गेला याचा आलेख दिसतो. कोणी पाहिलं, किती पाहिलं, ही नावं मला दिसत नाहीत. त्यामुळे कुणी निम्म्यात बंद केलं असेल तर संकोच नको. मला फक्त सगळ्यांचा मिळून एक आलेख दिसतो, आणि मागच्या पाच रेकॉर्डिंग्जमध्ये तो जवळपास सारखाच आहे.
>
> त्यातून मला तीन गोष्टी कळल्या. पहिली, हजेरी आणि सूचनांची पहिली सहा-सात मिनिटं तुम्ही पुढे ढकलता. बरोबरच आहे, ती थेट वर्गातल्या लोकांसाठी असतात. ती आता रेकॉर्डिंगमध्ये नसतील. सूचना ग्रुपवर लिहून मिळतील.
>
> दुसरी, वेळ कमी असला की काही जण पूरक हालचाली सोडून थेट सूर्यनमस्कार सुरू करतात. हे कृपया करू नका. तुमच्याकडे पंचवीसच मिनिटं आहेत, हे मी समजू शकते. पण मग आसनं कमी करूया, अंग मोकळं करणं नको टाळूया. म्हणून तिन्ही व्हिडिओंमध्ये सुरुवातीला सात मिनिटांच्या पूरक हालचाली आणि शेवटी पाच मिनिटांचं शवासन असेल. मधला भाग तेवढा वेगळा:
>
> पहिला व्हिडिओ, सूर्यनमस्कार: 22 मिनिटं.
> दुसरा व्हिडिओ, उभी आसनं: 26 मिनिटं.
> तिसरा व्हिडिओ, बैठी आणि पाठीवरची आसनं: 22 मिनिटं.
>
> ज्यांना घरी पूर्ण तास करायचा आहे त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या व्हिडिओत शवासन सुरू झालं की थांबायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या पूरक हालचाली ओलांडून पुढे जायचं. अंग एकदा मोकळं झालेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी हे चालेल. शवासन मात्र सगळ्यात शेवटी, तिसऱ्या व्हिडिओबरोबर करायचंच. कुठून सुरू करायचं ती वेळ व्हिडिओखाली लिहिलेली असेल.
>
> तिसरी गोष्ट त्रिकोणासनाची. तो भाग बरेच जण मागे नेऊन पुन्हा पाहतात. म्हणून त्याचा तीन मिनिटांचा स्वतंत्र व्हिडिओ करते आहे: दोन पायांत साधारण तीन फूट अंतर, उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत, आणि हात जमिनीला लागत नसेल तर नडगीवर. जमिनीला हात लावण्यासाठी पुढे झुकू नका, बाजूलाच वाका. तो व्हिडिओ आसनं करताना पाहायचा नाही, आधी बसून पाहून घ्यायचा.
>
> आता मला तुमच्याकडून दोन उत्तरं हवी आहेत. शवासन सुरू झालं की तुमच्यापैकी बरेच जण व्हिडिओ बंद करतात. तुम्ही फोन बंद करून पडून राहता, की उठता? उठत असाल तर वेळ नसतो म्हणून, की माझं बोलणं चालू राहतं म्हणून? मला एका ओळीत कळवा. नवीन व्हिडिओत शवासनाच्या पहिल्या दोन मिनिटांत मी बोलेन, मग तीन मिनिटं शांतता असेल आणि शेवटी घंटा वाजेल. फोन उपडा ठेवा, बंद करू नका, म्हणजे घंटा ऐकू येईल.
>
> दुसरं, ज्यांना रक्तदाब, कंबरेचा किंवा मानेचा त्रास आहे त्यांनी या तीनपैकी कुठला व्हिडिओ करायचा ते मला विचारूनच ठरवा. थेट वर्गात मी तुम्हाला बघून थांबवू शकते, रेकॉर्डिंगमध्ये ते शक्य नाही.
>
> जुनी पूर्ण रेकॉर्डिंग्ज या महिनाअखेरपर्यंत त्याच लिंकवर राहतील. चार आठवड्यांनी आपण पुन्हा बोलू. नवीन पद्धत तुम्हाला अडचणीची वाटली तर पूर्ण रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करेन.
>
> तुमची,
> ताई

पत्रात काय कुठे ठेवलं, आणि का

पहिल्या परिच्छेदातच तीन गोष्टी आल्या: काय बदलतंय, काय बदलत नाही आणि फीचं काय. लोकांच्या मनात शंका ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने उत्तर द्यायचं. फीचा मुद्दा खाली ढकलला तर तिथपर्यंत वाचणारा माणूस आधीच नाराज झालेला असतो.

नंतर लगेच "नावं मला दिसत नाहीत" हे वाक्य. आकडे पाहते म्हटलं की लोकांना वाटतं, आपल्यावर नजर आहे. यूट्यूबवर ते वाक्य खरं आहे. पण तुम्ही एखाद्या कोर्स-ॲपवर व्हिडिओ ठेवत असाल, तर तिथे कुठल्या साधकाने किती पाहिलं हे नावासकट दिसू शकतं. तसं असेल तर हे वाक्य लिहू नका. उलट स्पष्ट सांगा की दिसतं, आणि तुम्ही ते कशासाठी वापरता. खोटं आश्वासन एकदा उघडं पडलं की पुढच्या महिन्याची फी येत नाही.

पत्रात टक्केवारी एकही नाही, हे लक्षात आलं का? 46, 56, 61 हे तुमच्यासाठी. साधकाला त्यातून निघालेली गोष्ट हवी: "हजेरी तुम्ही ओलांडता, पूरक हालचाली सोडता, त्रिकोणासन पुन्हा पाहता." लोकांनी "तुम्ही पूर्ण करत नाही" असा ठपका त्यात वाचता कामा नये. म्हणून कारण नेहमी व्हिडिओकडे आहे, साधकाकडे नाही.

आणि मिनिटांचा हिशेब पत्रात उघड मांडला आहे. सूर्यनमस्कार 10, उभी आसनं 14, बैठी आणि पाठीवरची 10. प्रत्येकात सात आणि पाच मिळवा, 22, 26, 22 येतात. म्हणजे आसनांचं एक मिनिटही गेलेलं नाही. गेली ती हजेरी आणि शंका-समाधान. शवासन तेवढं सातावरून पाच मिनिटांवर आलं, पण ते आता तिन्ही व्हिडिओंत आहे. कुणी विचारलंच तर हे उत्तर तयार ठेवा.

करताना लागणाऱ्या दोन तांत्रिक गोष्टी

यूट्यूबवर जुन्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. त्यामुळे तीन नवे व्हिडिओ म्हणजे तीन नव्या लिंक. त्या एका प्लेलिस्टमध्ये ठेवा आणि ग्रुपवर फक्त प्लेलिस्टची लिंक द्या, म्हणजे दर वेळी लिंक शोधावी लागणार नाही.

"कुठून सुरू करायचं" ती वेळ व्हिडिओच्या वर्णनात अशी लिहा:

```
0:00 पूरक हालचाली
7:00 उभी आसनं
21:00 शवासन
```

पहिली वेळ 0:00 च हवी, किमान तीन ओळी हव्यात, वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. एवढं पाळलं की व्हिडिओच्या पट्टीवर भाग आपोआप वेगळे दिसतात. पूरक हालचालींवर नाव दिसलं की ओलांडणंही सोपं होतं, हा धोका आहे. तरी पूर्ण तास करणाऱ्यांना ते लागतं, म्हणून ठेवायचं, आणि व्हिडिओच्या पहिल्याच वाक्यात तोंडाने सांगायचं: "आज फक्त हाच व्हिडिओ करणार असाल तर इथूनच सुरुवात करा."

चार आठवड्यांनी काय बघायचं

इथे पुष्कळ जण स्वतःची फसगत करून घेतात. व्हिडिओ 62 चा 22 मिनिटांचा केला की पाहण्याची टक्केवारी वाढणारच. कुणी आधीइतकीच पंधरा मिनिटं पाहिली तरी 24 टक्क्यांचे 68 टक्के होतात. माणूस तोच, सराव तेवढाच. म्हणून टक्केवारी वाढली म्हणून पेढे वाटू नका.

त्याऐवजी तीन गोष्टी बघा. एक, शवासन सुरू होताना रेघ कुठे आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती 31 वर होती. नव्या व्हिडिओंत ती तिथेच अडकली असेल तर लांबी ही अडचण नव्हतीच, दुसरं काहीतरी आहे. दोन, सात मिनिटांपाशी पायरी दिसते का. दिसत असेल तर लोक अजूनही पूरक हालचाली सोडतायत. मग त्या सातऐवजी पाच मिनिटांत बसवून बघा, पण काढू नका. तीन, साधकांनी पत्राला दिलेली उत्तरं. वीस जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या बारा जणांनी "फोन बंद करून पडून राहतो" म्हटलं, तर शवासनातली पडलेली रेघ बघून घाबरायचं कारण नाही. त्या तीन मिनिटांच्या शांततेला हात लावू नका, आलेख काहीही म्हणो.

आणि पत्राच्या शेवटी दिलेला शब्द पाळा. चार आठवड्यांनी ग्रुपवर दोन ओळी टाका: काय दिसलं, काय ठेवतोय, काय बदलतोय. ज्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं त्यांना त्याचं काय झालं हे कळलं पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही विचाराल आणि ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी येतील.